कॅशे साफ करूनही जागा का होत नाही, आणि शेजारचं बटण का दाबू नये

*प्रश्न: माझा फोन ६४ जीबीचा आहे. सारखं 'स्टोरेज फुल' येतं, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो उघडत नाहीत. सेटिंगमधून व्हॉट्सॲपचा कॅशे क्लिअर केला तर जेमतेम २५० एमबी सुटले. त्याच्या शेजारीच Clear storage असं बटण आहे. ते दाबलं तर चॅट, ग्रुप, अकाउंट जाईल का? व्यापाऱ्याच्या चॅटमध्ये केळीच्या वजनाच्या पट्ट्यांचे फोटो आहेत, ते जायला नकोत. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामलाही हेच करायचं का? – चोपडा तालुका*

ते दुसरं बटण तूर्त दाबू नका. अकाउंट जाणार नाही, पण चॅट जातील, आणि तुम्हाला नेमके तेच जपायचे आहेत.

माझं भुसावळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रावेर-यावल पट्ट्यातलं गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे पट्टीचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ आणि त्यांच्यावर रचलेले हजारो व्हिडिओ, असा फोन जवळजवळ रोज हातात येतो. तुमची अडचण जागेची दिसते, पण खरी अडचण अशी आहे की 'डेटा' म्हणून आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक म्हणजे अकाउंट: तुमचा नंबर, नाव, प्रोफाइल फोटो, कोणत्या ग्रुपात आहात ते. हे कंपनीच्या सर्व्हरवर असतं, फोन विहिरीत पडला तरी ते जात नाही. दुसरी म्हणजे ॲपने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, म्हणजे कॅशे. आणि तिसरी म्हणजे तुमच्यापर्यंत आलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ. ही तिसरी गोष्ट कुठे राहते ते प्रत्येक ॲपचं वेगळं आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

इन्स्टाग्राम आणि फेसबुकमध्ये पोस्ट, फॉलोअर, मेसेज, सेव्ह करून ठेवलेल्या रील्स, सगळं सर्व्हरवर. फोनमध्ये असतो तो बहुतेक कॅशे: तुम्ही बघितलेले व्हिडिओ आणि फोटो, परत बघताना नेट कमी लागावं म्हणून ठेवलेले. म्हणून तिथे Clear cache दाबलं की बऱ्यापैकी जागा सुटते आणि जात काहीच नाही. फक्त ती जागा टिकत नाही. पुन्हा रील्स बघायला लागलात की काही दिवसांत कॅशे परत फुगतो, तो त्याचा धर्मच आहे.

टेलिग्राम त्याच्याही पुढे आहे. साध्या चॅटमधलं आणि चॅनलमधलं सगळं त्यांच्या क्लाउडवर असतं, फोनमध्ये असते ती नुसती उतरवलेली प्रत. त्यामुळे एखाद्या पिक्चरच्या चॅनलमुळे दहा-बारा जीबी भरले असले तरी टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये Data and Storage, त्यात Storage Usage, तिथे कॅशे साफ केला की सगळे मोकळे. हवी ती फाइल पुन्हा टॅप केली की पुन्हा उतरते, चॅनलवाल्याने ती काढून टाकली नसेल तर. अपवाद सीक्रेट चॅटचा, ते क्लाउडवर नसतात.

व्हॉट्सॲप याच्या उलट. मेसेज तुमच्या फोनवर पोचला की सर्व्हरवरून निघून जातो. चॅटची वही तुमच्या फोनमध्येच आहे, आणि फोटो-व्हिडिओही फोनमध्येच, पण कॅशेत नाहीत. ते या फोल्डरात असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

आता तुमचे २५० एमबी का ते कळेल. व्हॉट्सॲपच्या कॅशेत तात्पुरत्या बारीकसारीक फाइली असतात. भावकीच्या ग्रुपवर आलेला कानबाईच्या मिरवणुकीचा नव्वद एमबीचा व्हिडिओ हा व्हॉट्सॲपच्या दृष्टीने कॅशे नाहीच, तो तुमचा माल आहे, म्हणून Clear cache त्याला शिवत नाही. बटण बिघडलेलं नाही. त्याने त्याचं काम केलं, काम थोडं होतं.

आणि Clear storage, काही फोनवर Clear data, शाओमीत Clear all data. ॲप नुकतंच टाकल्यासारखं करणं एवढंच त्याला ठाऊक. इन्स्टाग्रामवर दाबलं तर लॉगआउट व्हाल, पासवर्ड टाकून परत आत याल आणि सगळं जागच्या जागी असेल. न टाकलेल्या रीलचे ड्राफ्ट मात्र फोनमध्ये असतात, ते जातील. व्हॉट्सॲपवर दाबलं तर चॅटची वही पुसली जाते. परत नंबर टाकून, ओटीपी घालून आत आलात की ग्रुप दिसतील, कारण सभासदत्व सर्व्हरवर आहे, पण जुने मेसेज बॅकअप असेल तरच परत येतील.

यात एक फास असा आहे जो आपल्याकडे फार बसतो. बऱ्याच जणांचं व्हॉट्सॲप जुन्या नंबरवर चालू असतं आणि ते सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं. व्हॉट्सॲप चालतं, कारण एकदा ओटीपी झाल्यावर त्याला रोज सिम लागत नाही. Clear storage दाबलं की ओटीपी मागतं, आणि तो बंद सिमवर येणार कुठून? दुसरं, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन ठेवलेला असेल, विसरला असाल आणि ईमेल जोडलेला नसेल, तर नवा पिन करण्यासाठी सात दिवस थांबावं लागतं. ऐन केळी कापणीच्या आठवड्यात हे झालं की गिऱ्हाईक दुकानात येऊन बसतं आणि माझ्याही हातात काही नसतं.

मग करायचं काय? तुमच्यासारखाच एक फोन सांगतो, त्यात क्रम नीट लक्षात येईल. यावलकडचे एक केळी उत्पादक, फोन ६४ जीबीचा, मोकळी जागा ४०० एमबी. सोबत त्यांची आईही आलेली, तिचा एकच प्रश्न: "मन्हा नातूना फोटू जातीन का?" फोन एवढा भरला असला की व्हॉट्सॲपचा बॅकअपही धड होत नाही, आणि बॅकअपशिवाय चॅटला हात लावायचा नाही हा माझा नियम. म्हणून सुरुवात व्हॉट्सॲपपासून नाही, इन्स्टाग्रामपासून केली. मुलगा त्याच फोनवर रील्स बघायचा, कॅशे १.८ जीबी. सेटिंगमध्ये Apps, त्यात Instagram, त्यात Storage, आणि तिथे फक्त Clear cache. मोकळी जागा २.२ जीबी झाली. कॅशे साफ करण्याचा खरा उपयोग मला हाच वाटतो: श्वास घेण्यापुरती जागा, एका मिनिटात आणि बिनधोक.

मग बॅकअप. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये Chats, त्यात Chat backup. कोणत्या गूगल अकाउंटवर जातोय ते आधी वाचा, कारण दुकानदाराने फोन सुरू करून देताना स्वतःचं किंवा भलतंच अकाउंट घातलेलं मी पाहिलं आहे. व्हिडिओ घेण्याचा पर्याय बंद ठेवा. हा बॅकअप आता गूगलच्या फुकट १५ जीबीतच मोजला जातो आणि त्यात जीमेल, फोटो सगळ्यांचाच वाटा असतो. बॅकअप पूर्ण झाल्यावर तिथे आजची तारीख आणि वेळ दिसते. ती दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो. बॅकअप म्हणजे अल्बम नव्हे. आज बॅकअप घेतला, उद्या फोनमधून फोटो उडवले आणि रात्री नवा बॅकअप झाला, तर नव्यात ते फोटो नसतात आणि जुना उरत नाही. तेव्हा पट्ट्यांचे फोटो 'बॅकअपमध्ये आहेत' या भरवशावर कधीच उडवू नका. त्या भल्या माणसाच्या पट्ट्या मी आधी त्यांच्या चॅटमधून निवडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, नातवाचे फोटोही त्यात घातले. वजनाबद्दल वाद झाला की तो फोटो हाच पुरावा असतो, तो दोन ठिकाणी पाहिजे.

मग व्हॉट्सॲपच्या आतलं खरं ठिकाण: Settings, Storage and data, Manage storage. फोनच्या सेटिंगमधला व्हॉट्सॲपचा आकडा आणि हा आकडा बऱ्याच फोनवर जुळत नाही, कारण मीडिया काही फोन 'व्हिडिओ' आणि 'इमेज' या खात्यात मोजतात. तुम्ही हाच धरा. त्यांचा निघाला २२ जीबी. वर दोन कप्पे असतात, एक पाच एमबीहून मोठ्या फाइलींचा आणि एक पुष्कळदा फॉरवर्ड झालेल्या मालाचा. खाली चॅटची यादी, सर्वात जड चॅट वर.

बहुतेक जण त्या पाच एमबीच्या कप्प्यात जाऊन सगळं सिलेक्ट करतात. मी तसं करत नाही. तिथे सगळ्या चॅटचा माल एकत्र असतो. लग्नाचा व्हिडिओ, बँकेची पीडीएफ आणि भरीत पार्टीचा नाच एकाच रांगेत. हजार चौकोनांतून एक कामाचा शोधताना डोळा चुकतोच. त्यापेक्षा चॅटवार जा. यादीत वर होता भावकीचा ग्रुप, ७.२ जीबी. दुसरा केळी भावाचा, ३.६ जीबी. ज्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या जपायच्या त्याची चॅट होती फक्त ३०० एमबीची, कुठेतरी तळाशी. बहुतेक फोनवर असंच निघतं: जे जपायचं ते हलकं असतं, जड असतं ते कोणी मागितलेलंही नसतं. तेव्हा त्या व्यापाऱ्याच्या चॅटला शिवायचंच नाही, प्रश्न मिटला.

भावकीचा ग्रुप उघडला, वरच्या क्रम लावायच्या खुणेतून मोठ्या फाइली आधी आणल्या, पहिल्या दोन-तीन स्क्रीन त्यांना दाखवल्या. दोन व्हिडिओ ठेवा म्हणाले, ते पेनड्राइव्हवर घेतले आणि बाकी सगळं सिलेक्ट करून काढलं. केळी भावाच्या ग्रुपात रोजच्या भावाचे फोटो होते, कालचा भाव आज कोणाला लागत नाही, तिथे सरसकट काढले. फक्त एक ध्यानात ठेवा: असा फोटो काढला की त्याच्या खाली लिहिलेला मजकूरही गेला असंच धरून चाला. साधे टाइप केलेले मेसेज, ग्रुप, सभासद, नाव, नंबर यांना काही होत नाही. दोन्ही ग्रुप मिळून १०.८ जीबी निघाले आणि मोकळी जागा १३ जीबीच्या घरात गेली.

यातले बरेचसे व्हिडिओ गॅलरीतही दिसतात. म्हणून लोक गॅलरीतूनच उडवतात आणि मग 'इतकं डिलीट केलं तरी जागा तेवढीच' म्हणत येतात. गॅलरीतून काढलेली फाइल आधी ट्रॅशमध्ये जाते, बहुतेक फोनवर तीस दिवस तिथेच राहते आणि तेवढीच जागा अडवते. ट्रॅश रिकामा करा, तेव्हा आकडा हलेल. उलट गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तिथून डिलीट केलं तर क्लाउडवरचीही प्रत जाते. फोनवरची तेवढीच काढायची असेल तर त्यातलं Free up space वापरा.

फाइल मॅनेजरमधून थेट Media फोल्डर उडवणारेही भेटतात. जागा होते, पण चॅटमध्ये फोटोच्या जागी धूसर चौकोन उरतो. दाबला तर फाइल सापडत नाही, परत पाठवायला सांगा, असा निरोप येतो. सर्व्हरवर आता ती नसते, तेव्हा पाठवणाऱ्याकडे असेल तरच मिळायची. त्याच फोल्डराच्या शेजारी Databases नावाचं फोल्डर असतं, त्यात `msgstore.db.crypt15` अशा नावाच्या फाइली, काही फोनवर शेवटी १४. ते चॅटचे फोनमधले बॅकअप आहेत, मागच्या काही दिवसांचे. आकार बघून मोह होतो. गूगलचा बॅकअप कधी फसलाच तर तुमच्याकडे उरतात ते हेच, त्यांना राहू द्या. आणि 'क्लीनर' म्हणून जाहिरातीत येणारी ॲप टाकू नका. ती दाबतात ती बटणं तुमच्याच फोनमध्ये आहेत, वर जाहिराती तुम्हाला बघाव्या लागतात.

जागा झाली, पण नळ चालूच असेल तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हेच. Storage and data मध्येच खाली Media auto-download आहे. आपण काही बदललेलं नसेल तर मोबाइल डेटावर फोटो आपोआप उतरतात आणि वायफायवर सगळंच, व्हिडिओ आणि फाइलींसकट. म्हणून ज्यांच्या घरी किंवा दुकानात वायफाय आलं त्यांचे फोन झपाट्याने भरतात. वायफायच्या ओळीत व्हिडिओ आणि डॉक्युमेंटची खूण काढा. फोटो ठेवायचे की नाही ते तुमच्यावर. पट्टीचे फोटो रोज येत असतील तर मी ठेवतो, कारण न उतरवलेला फोटो वेळेवर टॅप केला नाही तर पुढे कधीतरी मिळत नाही. व्हॉइस मेसेज मात्र काहीही केलं तरी आपोआप उतरतात.

आणखी दोन सेटिंगं आहेत ज्यांच्याबद्दल गैरसमज होतो. Media visibility बंद केल्याने नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत, जागा काही वाचत नाही. फाइल फोनमध्ये असतेच. आणि Disappearing messages ने जागा वाचते खरी, पण ठरलेल्या मुदतीनंतर मजकूरही जातो. भावकीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या संमतीने लावा हवं तर. हिशोबाच्या चॅटवर मुळीच नको.

टेलिग्रामला हाच बंदोबस्त जास्त सोपा आहे. त्याच Storage Usage मध्ये मीडिया किती दिवस ठेवायचा ते ठरवता येतं; चॅनलसाठी एक आठवडा ठेवा, जुनं आपोआप निघत राहील आणि क्लाउडवर तसंच राहील. इन्स्टाग्रामला काही लावून ठेवण्याची गरज नाही, फोन अडला की कॅशे साफ करा. तुम्ही स्वतः पोस्ट टाकत असाल तर आपण टाकलेल्या फोटोंची प्रत फोनमध्ये ठेवण्याची सेटिंग तेवढी बघा, ती चालू असली तर गॅलरी फुगते.

हे सगळं अँड्रॉइडचं. घरात कोणाकडे आयफोन असेल तर तिथे फोनच्या सेटिंगमध्ये कॅशेचं वेगळं बटण नसतं. Offload App ने ॲप निघतं, त्याची कागदपत्रं राहतात, म्हणून व्हॉट्सॲपसाठी त्याचा फायदा नगण्य. Delete App ने कागदपत्रंही जातात. व्हॉट्सॲपच्या आतलं Manage storage तिथेही आहे, तेच वापरा.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला इथून दिसत नाही: तुमचे ६४ जीबी कशाने भरलेत. सिस्टिम आणि ॲप मिळून त्यातली बरीच जागा आधीच खातात. Manage storage मध्ये व्हॉट्सॲप पाच-सहा जीबीचंच निघालं तर दोष त्याचा नाही, मग कॅमेऱ्याचे व्हिडिओ आणि Downloads फोल्डर बघा. वीस जीबीच्या आसपास निघालं तर वर सांगितलं तसं जा: आधी इन्स्टाग्रामचा कॅशे, मग बॅकअप, पट्ट्या बाहेर काढणं, आणि मग जड ग्रुप. काम झाल्यावर व्यापाऱ्याच्या चॅटमध्ये मागच्या हंगामापर्यंत वर सरकून दोन-चार पट्ट्या उघडून बघा. त्या उघडल्या तर काही गेलेलं नाही. आणि ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे ते सिम चालू आहे का, हे आजच त्यावर कोणाला तरी फोन लावायला सांगून बघून घ्या. बंद असेल तर आधी ते चालू करा किंवा व्हॉट्सॲपच्या Account मधून Change number ने नव्या नंबरवर घ्या. फोन बदलायची वेळ आली की ओटीपी लागणारच आहे.